एका शब्दावरून भाषा ओळखताना: 'भाव', 'पानी' आणि 'काया'चा घोळ

प्रश्न: आम्ही जळगाव-धुळे भागात केळी आणि कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांसाठी मेसेजवर चालणारी सल्लासेवा चालवतो. आलेल्या मेसेजची भाषा `langdetect`ने ओळखतो आणि त्याप्रमाणे मराठीत किंवा हिंदीत उत्तर जातं. लांब मेसेजला अडचण नाही. पण 'भाव', 'हो', 'पानी' असा एकच शब्द आला की कधी हिंदी, कधी नेपाळी. तोच शब्द पुन्हा दिला तर उत्तर बदलतं. इंग्रजी अक्षरांत `kapus` आलं तर युरोपातली कुठलीतरी भाषा सांगतो. स्कोअर मात्र बऱ्याचदा ०.९९च्या वर! लायब्ररी बदलावी, की स्कोअरची मर्यादा वाढवावी?

उत्तर:

मर्यादा वाढवून काही हाती लागणार नाही. लायब्ररी बदलून थोडा फरक पडेल, पण खानदेशात जितका पडायला हवा तितका पडणार नाही. आधी तो ०.९९ येतो कुठून ते पाहू, कारण सगळ्यात जास्त दिशाभूल तोच करतो.

`langdetect` हे नाकातानी शुयो यांच्या जावा लायब्ररीचं पायथन रूप आहे. तिच्याकडे ५५ भाषांचे नमुने आहेत. नमुना म्हणजे त्या भाषेतल्या विकिपीडियाच्या मजकुरात एक, दोन आणि तीन अक्षरचिन्हांचे कोणते तुकडे किती वेळा येतात याचा हिशेब. तिला शब्द कळत नाहीत, फक्त तुकडे कळतात. 'भाव' दिला की तिला भ, काना आणि व ही तीन चिन्हं दिसतात. त्यांचे सुटे तीन, जोडीचे तीन (त्यात शब्दारंभीची मोकळी जागा अधिक भ ही एक जोडी) आणि तिघांचे दोन, असे एकूण आठ तुकडे होतात. पुरावा एवढाच.

आता या आठ तुकड्यांचं ती काय करते ते बघा. प्रत्येक तुकडा एकदा मोजून ती थांबत नाही. आठांतला एक तुकडा चिठ्ठीसारखा उचलते, प्रत्येक भाषेची शक्यता त्यानुसार वरखाली करते, तुकडा परत टाकते आणि पुन्हा उचलते. एखाद्या भाषेची शक्यता ०.९९९९९च्या पलीकडे जाईपर्यंत किंवा हजार फेऱ्या होईपर्यंत हे चालू राहतं. दोनशे शब्दांच्या मजकुरात दर वेळी बहुधा नवा तुकडा हाती येतो, म्हणून ही रीत तिथे खपून जाते. आठ तुकड्यांत मात्र तेच तेच तुकडे पुन्हा मोजले जातात. एकाच साक्षीदाराला शंभर वेळा पिंजऱ्यात उभं करून शंभर साक्षी झाल्या म्हणावं, तसा हा प्रकार. मराठी आणि हिंदीत 'भाव'च्या तुकड्यांचं प्रमाण थोडंसं जरी वेगळं असलं, तरी तो फरक स्वतःशीच गुणला जाऊन शेवटी खात्रीचं रूप घेतो. तेव्हा तुमचा ०.९९ म्हणजे 'गुणाकार थांबेपर्यंत केला' एवढंच. त्यावर मर्यादा कितीही वर नेली तरी चुकीचे निकाल तिच्यावरून आरामात उडी मारून जातील.

उत्तर बदलण्याचं कारणही इथेच आहे. हा खेळ सात वेळा स्वतंत्रपणे खेळला जातो आणि सरासरी काढली जाते. घरी हे चालवून बघा:

```python
from langdetect import detect_langs
for _ in range(5):
    print(detect_langs("भाव"))
```

आकडे ०.५७, ०.७१, ०.८६ असे दिसले तर समजा की ते चार सप्तमांश, पाच सप्तमांश आणि सहा सप्तमांश आहेत, म्हणजे सातपैकी किती डाव कोणी जिंकले ते. शक्यता म्हणून ते वाचूच नका. लॉगमध्ये असे सप्तमांश वारंवार दिसत असतील, तर तेवढे मेसेज ओळखयंत्राच्या आवाक्याबाहेरचे आहेत हे ओळखायची ती सोपी खूण आहे. `DetectorFactory.seed = 0` लिहिलं की उत्तर स्थिर होतं, म्हणून पुष्कळ जण तेवढ्यावर थांबतात. स्थिर झालं म्हणजे बरोबर झालं असं नाही. उलट चूक दर वेळी तीच येऊ लागते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. अजून एक बारीक गोष्ट: शब्दामागे मोकळी जागा राहिली तर शेवटचे दोन तुकडे वाढतात आणि आठाचे दहा होतात. त्यामुळे डोळ्याला सारखे दिसणारे दोन मेसेजही तिच्या दृष्टीने वेगळे असू शकतात. मेसेज देण्याआधी कडेच्या मोकळ्या जागा एकाच पद्धतीने साफ करा.

याच लायब्ररीत `set_prior_map` नावाची सोय आहे. कोणत्या भाषेची मुळात किती शक्यता धरायची ते तिथे सांगता येतं. 'मराठी ०.९, हिंदी ०.१' असं लिहिलं की काम झालं, असं वाटतं. पण हा ०.९ हिशेबात एकदाच धरला जातो आणि तुकडे पुन्हा पुन्हा, त्यामुळे तो काही फेऱ्यांतच वाहून जातो. मात्र ज्या भाषेला शून्य मिळतं ती शून्यावरच राहते, कारण शून्याला कशानेही गुणा. म्हणून या सोयीचा उपयोग फक्त नेपाळी आणि इतर पन्नासेक भाषा हद्दपार करण्यासाठी करा. मराठी-हिंदीचा निवाडा तिच्यावर सोपवू नका.

आता खुद्द शब्दांकडे येऊ. 'हो' घ्या. मराठीत तो होकार आहे. नेपाळीत 'हो' म्हणजे 'आहे' आणि होकारही. हिंदीत 'तुम कैसे हो'मधला हो. यंत्राने तिन्हीपैकी कोणतीही भाषा सांगितली तरी ती चूक म्हणता येत नाही, कारण शब्द तिघींचाही आहे. 'भाव', 'दर', 'खत', 'बाजार' यांचीही हीच गत. अशा शब्दाची भाषा विचारणं हाच प्रश्न चुकीचा आहे. विचारायचं आहे ते हे: हा शब्द लिहिणारा माणूस कोणत्या भाषेत उत्तराची वाट बघतोय? त्या प्रश्नाचं उत्तर शब्दात नसतं.

आणि इथून पुढे खानदेशाचा खास पेच सुरू होतो.

एका शब्दावरून मराठी आणि हिंदी वेगळी करायची झाली तर सगळ्यात भरवशाचं अक्षर म्हणजे 'ळ'. आजच्या प्रमाण हिंदीत ते नाही. त्याच्या खालोखाल 'ण': हिंदीत तो संस्कृत शब्दांत येतो, पण रोजच्या शब्दांत मराठीचा ण तिथे न होतो. पाणी आणि पानी, कोण आणि कौन. लिंग्वा नावाची लायब्ररी लहान मजकुरासाठीच बनवलेली आहे. ती तुकडे पाच अक्षरांपर्यंत नेते आणि आकडेमोडीच्या आधी काही नियम लावते. 'ळ' हे मराठीचं खास अक्षर, हा त्यांतलाच एक नियम. देवनागरीतल्या भाषांपैकी तिच्याकडे हिंदी आणि मराठी याच दोन असल्यामुळे हा नियम तिला परवडतो, नाहीतर कोकणीतही ळ आहेच. म्हणून 'केळी' किंवा 'बोंडअळी' तिला दिली तर मराठी हे उत्तर मिळतं. पुण्यासाठी सेवा चालवत असतात तर मी तुम्हाला लिंग्वा घ्या म्हणून इथेच थांबलो असतो.

पण तुमचे शेतकरी पुण्याचे नाहीत. अहिराणीत आणि रावेर-यावलकडच्या लेवा बोलीत ळचा य होतो, हे तुम्ही रोज ऐकत असाल. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया, धुळे म्हणजे धुये, जळगावचं जयगाव. आणि ण जाऊन न येतो: पानी, कोन. म्हणजे मराठीची ओळख पटवणारी जी दोन अक्षरं यंत्राला उपयोगी पडली असती, नेमकी तीच इथल्या लिखाणातून गळतात. नुसतं गळून थांबलं असतं तरी चाललं असतं. पण गळल्यावर जे उरतं ते कित्येकदा सरळ हिंदीतला दुसराच शब्द असतो. कपाशीची पानं काळी पडल्याबद्दल कोणी 'पानं काया' लिहिलं, तर 'काया' हा हिंदीत शरीरासाठीचा शब्द आहे. 'गळा'चा 'गया' झाला की ते हिंदीतलं सर्रास येणारं क्रियापद. 'पानी' तर हिंदीच ठरणार. तुमच्या यादीतला 'पानी' चुकण्याचं कारण यंत्राचा मठ्ठपणा नाही. त्याने जे शिकलं त्याप्रमाणे तो शब्द खरोखर हिंदी आहे.

अहिराणी असा शिक्का मात्र यांपैकी कोणीच देऊ शकत नाही. ५५ भाषांच्या `langdetect`मध्ये ती नाही. फास्टटेक्स्टचं `lid.176` हे १७६ भाषा ओळखणारं मॉडेल आहे, त्यात मैथिली, नेवारी, गोव्याची कोकणी आहे, अहिराणी नाही. भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतसूचीत तिला `ahr` असा स्वतंत्र संकेत आहे आणि २०११च्या जनगणनेत खानदेशी ही मराठीपासून वेगळी भाषा म्हणून मोजली गेली, तिचे बोलणारे साडेअठरा लाखांच्या वर. पण यंत्र शिकतं ते जाळ्यावरच्या मजकुरावर, जनगणनेवर नव्हे. (अहिराणी भाषा की बोली, या वादात मी इथे पडत नाही. तुमच्या कामाला एवढं पुरे की तो माणूस प्रमाण मराठीतलं उत्तर व्यवस्थित वाचतो.) `lid.176`मध्ये आणखी एक धोका असा की देवनागरीतल्या भाषा जास्त असल्यामुळे एका शब्दाला चुकायला वाटाही जास्त. यादी मोठी असणं ही लांब मजकुरासाठी जमेची बाजू आहे, एका शब्दासाठी ती अडचणच.

तेव्हा निर्णय शब्दावरून उचलून माणसावर न्या. मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं.

पहिली गोष्ट, तुमच्या सेवेत येणाऱ्या शब्दांची यादी हाताने करा. विषय मर्यादित आहे, त्यामुळे काहीशे शब्दांत काम भागेल. भाव, दर, पाणी, पानी, केळी, कापूस, कपाशी, करपा, ठिबक, बोंडअळी, तालुक्यांची आणि बाजारगावांची नावं. 'चोपडा' असा एकटा शब्द आला तर तो तालुका आहे, आणि गावाच्या नावाला भाषा नसते. या यादीतल्या शब्दावरून माणसाला काय हवंय ते ठरवा, त्याची भाषा ठरवू नका. बोलीतली रूपं त्याच नोंदीखाली ठेवा: धुळे आणि धुये एकाच ओळीत. अक्षरं आपोआप बदलणारा नियम लिहू नका. प्रत्येक यचा ळ करत सुटलात तर 'गाय'ची 'गाळ' होईल.

दुसरी गोष्ट, भाषा खरोखर उघड करणाऱ्या शब्दांच्या दोन छोट्या याद्या. हिंदीकडे है, हैं, चाहिए, कब, कितना, क्या, मुझे, नहीं. मराठीकडे आहे, पाहिजे, कधी, किती, मला, नाही, आणि त्यातच खानदेशी शे, माले, तुले. 'का', 'की', 'तो', 'ना' यांना दोन्हीकडे बंदी, कारण ते दोन्ही भाषांत राबतात. नुक्त्याचा ड़ आणि ढ़ ही हिंदीची चांगली खूण आहे. पण ड़ हे अक्षर एका संकेतात किंवा ड अधिक नुक्ता असं दोन संकेतांत येऊ शकतं. म्हणून तुलनेआधी मजकूर आणि याद्या दोन्ही `unicodedata.normalize("NFC", msg)` मधून काढा, म्हणजे दोन्हीकडे एकच रूप राहील.

तिसरी गोष्ट, त्या नंबरवरून आधी काय ठरलं होतं ते लक्षात ठेवा. ज्या शेतकऱ्याने मागच्या आठवड्यात 'केळीना भाव काय शे' लिहिलं, त्याचं आजचं 'पानी' हिंदी असण्याचं काही कारण नाही.

```python
def bhasha(msg, last):
    w = saaf(msg).split()
    h = sum(x in HINDI for x in w)
    m = sum(x in MARATHI for x in w)
    if h != m:
        return "hi" if h > m else "mr"
    if len(w) >= 6:
        return yantra(msg)
    return last or "?"
```

`saaf` म्हणजे वर सांगितलेली मोकळ्या जागांची आणि NFCची सफाई, `HINDI` आणि `MARATHI` म्हणजे त्या दोन याद्या, आणि `yantra` म्हणजे तुमचं नेहमीचं ओळखयंत्र, फक्त मराठी आणि हिंदीपुरतं बांधलेलं. `last`मध्ये उघड शब्दांवरून किंवा लांब मेसेजवरून ठरलेली भाषाच साठवा. अंदाज साठवलात तर एक चूक पुढच्या सगळ्या मेसेजना चिकटेल. सहा शब्दांची मर्यादा तुमच्या लॉगवर तपासून बदला, पण शब्दच मोजा, `len(msg)`वर विसंबू नका. 'केळी' डोळ्याला दोन अक्षरं दिसतात, पायथनला चार आणि यूटीएफ-८मध्ये ते बारा बाइट होतात. इंग्रजीसाठी सुचवलेली 'इतकी अक्षरं किंवा इतके बाइट हवेत' अशी मर्यादा देवनागरीला तशीच लावली की अर्धवट पुरावाही पुरेसा वाटू लागतो.

राहिलं ते प्रश्नचिन्ह. नवा नंबर, एकच शब्द 'भाव', मागचं काही नाही. अशा वेळी मूळ प्रमाणावर जा. समजा तुमच्या लॉगमधल्या लांब मेसेजांत दहापैकी नऊ मराठी आहेत. 'भाव' हा शब्द दोन्ही गटांतले लोक साधारण सारख्याच प्रमाणात लिहीत असतील, तर त्या शब्दाने काहीच बदललं नाही आणि शक्यता नवास एकच राहिली. हेच गणित `langdetect` बिघडवत होती. पण प्रमाण तालुक्यागणिक काढा. रावेरच्या पलीकडे लगेच बुऱ्हाणपूर आहे, तोही केळीचाच मुलूख, आणि तिकडचे व्यापारी हिंदीत लिहिणार. नंदुरबारच्या सातपुड्याकडच्या भागात भिली, पावरी बोलणारा माणूस तुम्हाला मराठीत लिहील की हिंदीत, हे जळगावच्या प्रमाणावरून ठरवता येणार नाही.

शिवाय चुकीची किंमत काय ते बघा. 'भाव'चं उत्तर म्हणजे बाजाराचं नाव आणि आकडा. ते दोन्ही भाषांत एका ओळीत बसतं, मग निवड करायचीच कशाला? दोन्ही पाठवा आणि खाली 'मराठीसाठी १, हिंदी के लिए २' ठेवा. औषधाच्या फवारणीचं प्रमाण असेल तर मात्र अंदाजाने भाषा निवडू नका, आधी विचारा.

`kapus`चा प्रश्न वेगळा आहे आणि सोपा आहे. `langdetect`चा मराठी नमुना देवनागरीचा आहे, नमुने बनवतानाच त्यातली तुरळक इंग्रजी अक्षरं गाळली जातात. म्हणजे इंग्रजी अक्षरांतलं मराठी तिला मराठी म्हणून कधीच दिसू शकत नाही. लॅटिन लिपीतल्या दुसऱ्याच कुठल्यातरी भाषेचं नाव येणं अटळच. असे मेसेज तिच्याकडे पाठवूच नका. आधी लिपी पाहा. लॅटिन असेल तर तुमच्या शब्दयादीत इंग्रजी अक्षरांतली रूपं भरा: `kapus`, `kapoos`, `keli`, `kele`, `pani`, `bhav`, `bhaav`. लोक स्पेलिंग मनाला येईल तसं लिहितात, त्यामुळे रूपं डोक्यातून रचू नका, लॉगमधून उचला. लांब रोमन मेसेजसाठी एआय४भारतचं `IndicLID` आहे, ते भारतीय भाषा रोमन लिपीतही ओळखायला शिकवलेलं आहे. एका शब्दाला तेही हतबल.

हे सगळं बसवल्यावर तपासणी करताना एक गोष्ट टाळा. लांब वाक्यं कापून त्यांचे एकेक शब्द चाचणीला वापरू नका. कापलेल्या वाक्यातून 'आहे', 'म्हणून', 'केलं' असे शब्द निघतात आणि ते ओळखायला सोपे असतात. खरे एकशब्दी मेसेज म्हणजे नामं, गावं आणि होकार-नकार. ते तुमच्या लॉगमधूनच काढा, नंबर आणि नावं पुसा, आणि दोन माणसांना वेगवेगळं बसवून भाषा लिहायला सांगा. त्यांना मराठी आणि हिंदीबरोबर 'दोन्ही' हा तिसरा पर्याय द्या. दोघांतला एक जण अहिराणी बोलणारा हवाच, नाहीतर 'पानी' आणि 'गया' पुन्हा हिंदीच्या रकान्यात जाऊन बसतील. दोघांनी जिथे 'दोन्ही' लिहिलं किंवा दोघांचं जिथे जमलं नाही, ते शब्द यंत्राच्या चुकांत धरू नका. त्यांच्यासाठी एवढंच मोजा की किती वेळा सेवेने `?` दिलं, आणि त्यानंतर शेतकऱ्याने १ दाबला की २.